पाच स्टॉप, एकच पातळी

प्रश्न: सर, मी म्हापशाचा. पाच लाखांच्या खात्यात मी एका वेळी इथरियम, सोलाना, ॲव्हलांच, चेनलिंक आणि डोजकॉइन अशा पाच लॉंग पोझिशन ठेवतो. प्रत्येकी एक लाखाची, स्टॉप पाच टक्क्यांवर, म्हणजे एका पोझिशनला खात्याच्या एक टक्का जोखीम. नियम मोडला नाही, तरी गेल्या महिन्यात एकाच रात्री पाचही स्टॉप उडाले. हे नशीब म्हणायचे की माझ्या हिशेबातच चूक आहे?

उत्तर:

चूक हिशेबात आहे, आणि ती एकाच जागी आहे. तुम्ही प्रत्येक स्टॉप त्या त्या नाण्याच्या चार्टवर मोजलात. तो बिटकॉइनच्या चार्टवर कुठे पडतो हे पाहिले नाहीत. ते पाहिले असते तर पाच वेगळ्या रेषांऐवजी जवळजवळ एकच जाड रेषा दिसली असती.

आपल्याकडच्या माणसाला हे पटकन उमजेल असे एक उदाहरण देतो. कळंगुटला एखाद्या कुटुंबाच्या भाड्याच्या खोल्या असतात, दुचाक्या भाड्याने दिलेल्या असतात, किनाऱ्यावर शॅक असतो आणि एक मुलगा टॅक्सी चालवतो. कागदावर हे चार धंदे आहेत, चार परवाने आहेत. परंतु २०२० च्या मार्चमध्ये पर्यटक यायचे थांबले तेव्हा चारही एकाच आठवड्यात बंद पडले, कारण चौघांचेही गिऱ्हाईक एकच होते. तुमच्या पाच पोझिशनचे गिऱ्हाईक बिटकॉइन आहे.

आता हिशेबाकडे येतो. सहसंबंध आणि बीटा हे दोन आकडे पुष्कळ जण एकच समजतात आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. दोन नाण्यांच्या रोजच्या टक्केवारीतील हालचाली किती सातत्याने एका दिशेने जातात हे सहसंबंध सांगतो. तो उणे एक ते एक यांच्या दरम्यान असतो. बिटकॉइन एक टक्का हलला तर दुसरे नाणे सरासरी किती टक्के हलते, हे बीटा सांगतो. सहसंबंधाला त्या नाण्याच्या आणि बिटकॉइनच्या अस्थिरतेच्या गुणोत्तराने गुणले की बीटा मिळतो. समजा, बिटकॉइनची रोजची अस्थिरता २.५ टक्के आहे, एखाद्या ऑल्टकॉइनची ५ टक्के आहे आणि दोघांचा सहसंबंध ०.८ आहे. मग बीटा झाला ०.८ गुणिले २, म्हणजे १.६. याच सूत्रातून एक फसवी गोष्टही बाहेर येते. ज्या नाण्याचा सहसंबंध जेमतेम ०.५ आहे, पण जे रोज सरासरी १० टक्के उडते, त्याचा बीटा २ येतो. सहसंबंध कमी दिसला म्हणून तुम्ही ते नाणे विविधता आणण्यासाठी घ्याल आणि प्रत्यक्षात खात्यातील बिटकॉइनची जोखीम सर्वांत जास्त वाढवणारी पोझिशन तीच असेल. म्हणून पोझिशन मोजताना मी आधी बीटा पाहतो, सहसंबंध त्यानंतर.

तुमच्या पाच नाण्यांसाठी हिशेबापुरते काही बीटा धरू: इथरियम १.३, सोलाना १.५, ॲव्हलांच १.६, चेनलिंक १.५ आणि डोजकॉइन १.६. हे आकडे काळानुसार बदलतात, तेव्हा माझे उचलू नका. तुमचे कसे काढायचे ते पुढे सांगतो. प्रत्येकी एक लाखाची पोझिशन असल्यामुळे या बीटांची बेरीज थेट लाखांत वाचता येते. ती ७.५ येते. याचा अर्थ, बाजाराच्या रोजच्या हेलकाव्यापुरते पाहिले तर तुमच्याकडे पाच लाखांची पाच नाणी नव्हती. साडेसात लाखांची एक बिटकॉइन लॉंग पोझिशन होती, आणि तीही पाच लाखांच्या खात्यावर. लिव्हरेज घेतलेले नाही असे तुम्हाला वाटत असणार, कारण पोझिशनची बेरीज खात्याइतकीच होती. परिणामाच्या दृष्टीने मात्र तुम्ही दीडपट लिव्हरेजवर होता.

आता स्टॉप बिटकॉइनच्या भाषेत मांडू. कृती सोपी आहे: स्टॉपच्या टक्केवारीला बीटाने भागायचे. इथरियमचा ५ टक्क्यांचा स्टॉप भागिले १.३, म्हणजे बिटकॉइन सुमारे ३.८५ टक्के घसरला की तो उडण्याची अपेक्षा धरायची. सोलाना आणि चेनलिंक ३.३३ टक्क्यांवर, ॲव्हलांच आणि डोजकॉइन ३.१३ टक्क्यांवर. बिटकॉइन १,००,००० डॉलरवर आहे असे समजा. मग तुमचे पाच स्टॉप त्याच्या चार्टवर ९६,८७५ ते ९६,१५४ यांच्या दरम्यान येतात. पाचांमधले सगळे अंतर मिळून सव्वासातशे डॉलरही भरत नाही. ज्या वस्तूची रोजची हालचालच अडीच टक्क्यांच्या घरात आहे, तिने एखाद्या रात्री चार टक्के घसरणे ही काही दुर्मीळ घटना नव्हे. ती घसरण आली की पाचही स्टॉप उडाले पाहिजेत, असे हे गणितच सांगते. तुमच्या बाबतीत तसेच घडले.

यात नशिबाचा भाग किती होता, तेही पाहून घ्या. प्रत्येक स्टॉप उडण्याची शक्यता ४० टक्के आहे आणि पाचही पोझिशन एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र आहेत, असे धरले तर पाचही एकदम उडण्याची शक्यता सुमारे एक टक्का येते, म्हणजे शंभरात एकदा. तुमच्या मनात हाच आकडा होता, म्हणून ती रात्र तुम्हाला अपघातासारखी वाटली. पाचही पोझिशन एकत्र चालत असतील तर ही शक्यता एका स्टॉपच्या शक्यतेच्या जवळ जाते, म्हणजे तिसरा-चौथा प्रयत्न असाच जाऊ शकतो.

हेच दुसऱ्या बाजूनेही मोजता येते. सारख्या जोखमीच्या पाच पोझिशन आणि त्यांच्यात आपसात सरासरी ०.८ सहसंबंध असेल, तर एकूण जोखीम एका पोझिशनच्या २१ च्या वर्गमूळाइतकी पट होते, म्हणजे सुमारे ४.६ पट. पूर्ण स्वतंत्र असत्या तर ती २.२ पट झाली असती; पूर्ण एकरूप असत्या तर ५ पट. विविधतेचा जेवढा फायदा घेतला असे तुम्हाला वाटत होते, त्यातला फारच थोडा हाती लागला. किती स्वतंत्र डाव आहेत हे सांगणारे एक ढोबळ सूत्र आहे: पोझिशनची संख्या n आणि सरासरी सहसंबंध r असेल तर

```
n / (1 + (n - 1) * r)
5 / (1 + 4 * 0.8) = 1.19
```

पाच पोझिशन म्हणजे एक पूर्णांक एकोणीस शतांश डाव. सहावी किंवा दहावी पोझिशन जोडली तरी हा आकडा १.२५ च्या पुढे जाणार नाही, कारण n कितीही वाढवला तरी मर्यादा 1/r इतकीच राहते. आणखी नाणी घेऊन जोखीम विभागता येईल हा विचार इथेच संपतो.

आता तुमचे आकडे तुम्ही कसे काढायचे ते सांगतो. गुगल शीट किंवा एक्सेल पुरते. एका स्तंभात तारीख, दुसऱ्यात बिटकॉइनचा दिवसाचा बंद भाव, तिसऱ्यात तुमच्या नाण्याचा बंद भाव, असे दुसऱ्या ओळीपासून किमान एक्याण्णव दिवसांचे भाव घ्या, म्हणजे नव्वद दिवसांच्या हालचाली मिळतात.

```
D3:  =LN(B3/B2)
E3:  =LN(C3/C2)
G1:  =CORREL(E3:E92, D3:D92)
G2:  =SLOPE(E3:E92, D3:D92)
G3:  =SUMIF(D3:D92,"<-0.02",E3:E92)/SUMIF(D3:D92,"<-0.02",D3:D92)
```

पहिल्या दोन ओळी खालपर्यंत ओढायच्या. `G1` मध्ये सहसंबंध येईल, `G2` मध्ये बीटा. `SLOPE` मध्ये आधी ऑल्टकॉइनचा स्तंभ आणि मग बिटकॉइनचा द्यायचा. क्रम उलटला तर चुकीचा आकडा येतो आणि तो दिसायला चुकीचा वाटत नाही, म्हणून कळतही नाही. `G3` मध्ये फक्त बिटकॉइन दोन टक्क्यांहून जास्त पडलेल्या दिवसांचा हिशेब आहे: त्या दिवसांत बिटकॉइन एकूण जितका पडला, त्याच्या किती पट तुमचे नाणे पडले. माझ्या लेखी तिघांतला हा आकडा सर्वांत कामाचा, कारण स्टॉप पडझडीच्या दिवशीच उडतात. शांत दिवसांच्या सरासरीला तिथे विचारत कोणी नाही. `G3` हा `G2` पेक्षा मोठा आला तर स्टॉपचा हिशेब `G3` नेच करावा.

इथे दोन चुका मी वारंवार पाहतो. पहिली म्हणजे टक्केवारीऐवजी थेट भावांचा सहसंबंध काढणे. तेजीच्या काळात सगळेच भाव वर चढत असतात, त्यामुळे एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन वस्तूंचाही सहसंबंध ०.९ च्या वर दिसू शकतो. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. परदेशी एक्सचेंजवरील दैनिक कॅंडल सहसा जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. एका नाण्याचे भाव तिथून घेतले आणि दुसऱ्याचे भारतीय वेळेनुसार मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या ठिकाणाहून घेतले, तर दोन्ही मालिकांमध्ये साडेपाच तासांचे अंतर पडते. रात्री दोन वाजता आलेली घसरण एकीत आजच्या तारखेला आणि दुसरीत कालच्या तारखेला पडते, आणि सहसंबंध प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा बराच कमी दिसतो. दोन्ही भाव एकाच ठिकाणचे, एकाच चलनातले आणि एकाच वेळी बंद झालेले असले पाहिजेत. तुमच्या पोझिशन एक-दोन दिवसच टिकत असतील तर हाच हिशेब चार तासांच्या कॅंडलवर करून पाहावा. तिथे आकडे थोडे वेगळे येतात आणि तुमच्या कामाला तेच जास्त लागू पडतात.

मात्र नव्वद दिवसांचा आकडा हाती आला म्हणून तो मोठ्या पडझडीत टिकेल असे समजू नका. तो तेव्हा नेमका वर सरकतो, आणि त्याला ठोस कारणे आहेत. पुष्कळ ट्रेडरांची सगळी नाणी एकाच सामाईक मार्जिनवर, म्हणजे तारणावर, उभी असतात. बिटकॉइन पडला की त्या मार्जिनची किंमत घटते, आणि ती भरून काढण्यासाठी एक्सचेंजची यंत्रणा जे हाती लागेल ते विकते. त्या नाण्याबद्दल वाईट बातमी असो वा नसो. अशा वेळी मार्केट मेकर आपल्या ऑर्डर मागे घेतात. बिटकॉइनच्या ऑर्डर बुकमध्ये तरीही काही खरेदीदार उरतात. लहान नाण्यांच्या बुकमध्ये उरत नाहीत. म्हणून तोच विक्रीचा दाब तिथे कितीतरी खोल भोक पाडतो. १० ऑक्टोबर २०२५ च्या पडझडीत, आपल्याकडे ११ तारखेच्या पहाटे अडीचच्या सुमारास, बिटकॉइनची घसरण आधीच मोठी होती. पण कित्येक ऑल्टकॉइनचे भाव काही मिनिटांत निम्म्याहूनही खाली जाऊन आले. त्या चोवीस तासांत १९ अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या पोझिशन लिक्विडेट झाल्याची नोंद आहे. १.५ चा बीटा अशा रात्री ३ किंवा ४ सारखा वागतो, आणि पाच टक्क्यांवर लावलेला स्टॉप पाच टक्क्यांवर भरला जात नाही.

मला हा धडा २०२१ च्या मे महिन्यात मिळाला. १६ तारखेला तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. आमच्याकडे फोंड्यात वीज गेली ती काही दिवस धड आली नाही, संचारबंदी होतीच. १९ तारखेच्या संध्याकाळी मी मोबाइलच्या क्षीण नेटवर्कवर इथरियम, कार्डानो, मॅटिक आणि चेनलिंक अशा चार लॉंग पोझिशन सांभाळत होतो. त्या दिवशी बिटकॉइन सुमारे ४३,००० वरून ३०,००० पर्यंत खाली आला. एका पोझिशनचा तोटा दुसरी सावरेल या समजुतीने मी चारही एकाच सामाईक मार्जिनवर ठेवल्या होत्या. सावरायला कोणी उरलेच नाही, कारण चारही एकाच तासात पडत होत्या आणि प्रत्येक पोझिशन दुसरीच्या मार्जिनचा घास घेत होती. मी ज्या ॲपवर होतो ते मधल्या वीस मिनिटांत उघडतच नव्हते. ते उघडते तरी निकाल फारसा बदलला नसता. पोझिशन घेतानाच मी चार नावांखाली एकच डाव चौपट केला होता. त्यानंतर वहीत मी प्रत्येक पोझिशनसमोर तिचा बिटकॉइनमधील स्टॉप लिहू लागलो, तो आजतागायत लिहितो.

इथे एक शंका येणे रास्त आहे. सगळी नाणी एकच डाव असतील तर ऑल्टकॉइन घ्यायचेच कशाला? याचे उत्तर सहसंबंध काय सांगत नाही, त्यात आहे. रोजची दिशा एक असणे आणि अखेरचा परिणाम एक असणे या भिन्न गोष्टी आहेत. इथरियम आणि बिटकॉइन यांचा रोजचा सहसंबंध वर्षानुवर्षे वरच्या पातळीवर राहिला. तरीही `ETHBTC` ही जोडी, म्हणजे बिटकॉइनमध्ये मोजलेला इथरियमचा भाव, डिसेंबर २०२१ मधील ०.०८ च्या वरच्या पातळीवरून एप्रिल २०२५ मध्ये ०.०२ च्याही खाली गेली. रोज एकाच दिशेने चालणाऱ्या दोघांपैकी एक दररोज किंचित मागे पडत गेला आणि तीन-सव्वातीन वर्षांत त्याची बिटकॉइनमधील किंमत एक चतुर्थांशही राहिली नाही. म्हणून एखाद्या नाण्याबद्दल तुमचे जे काही मत आहे ते डॉलरच्या चार्टवर न तपासता बिटकॉइनच्या जोडीवर तपासावे. सोलाना घ्यावा असे वाटते, तर `SOLBTC` पाहा. ती जोडी आडवी पडली असेल किंवा खाली झुकत असेल, तर तुम्हाला सोलानात जी तेजी दिसते ती बिटकॉइनची आहे. ती घ्यायची असेल तर बिटकॉइनच घ्या: ऑर्डर बुक खोल आहे, स्टॉप जवळ भरला जातो आणि हिशेब एका ओळीचा राहतो. जोडी स्वतःच्या बळावर वर चढत असेल तरच त्या नाण्यात स्वतंत्र असे काही आहे.

तुमच्या पद्धतीत काय बदलावे, हे आता सांगतो. सर्वांत साधा आणि मला सर्वांत विश्वासाचा वाटणारा उपाय असा: बिटकॉइनशी बांधलेल्या सगळ्या लॉंग पोझिशनना मिळून एकच जोखमीची मर्यादा द्या. पडझडीत सहसंबंध पूर्ण १ आहे असे गृहीत धरा आणि सगळे स्टॉप एकदम उडाले तर होणारा तोटा आधी बेरीज करून ठेवा. तुमच्या खात्याला मी ही मर्यादा दोन टक्के, म्हणजे १०,००० रुपये ठेवली असती. पाचही नाणी हवीच असतील तर पाच टक्क्यांच्या स्टॉपसह प्रत्येकी ४०,००० रुपयांची पोझिशन बसते. परंतु पाच घेण्याचे कारण काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा असे मला मनापासून वाटते. बिटकॉइनच्या जोडीवर जी दोन सर्वांत सशक्त आहेत ती प्रत्येकी एक लाखाने घेतली तरी मर्यादा तितकीच राहते, लक्ष ठेवायला दोनच चार्ट उरतात आणि दुबळी तीन नाणी निव्वळ संख्या वाढवण्यासाठी खात्यात येत नाहीत.

आणखी एक गोष्ट या मर्यादेच्या आत येते, पण ती सहज नजरेआड होते. सोमवारी इथरियम घेतले, बुधवारी सोलाना आणि शुक्रवारी चेनलिंक, म्हणजे तीन स्वतंत्र निर्णय झाले असे वाटते. शुक्रवारी रात्री तिन्ही पोझिशन उघड्या असतील तर त्या रात्रीपुरता तो एकच निर्णय असतो. प्रवेशाची तारीख वेगळी असल्याने जोखीम वेगळी होत नाही. याला एकच अपवाद आहे: आधीच्या पोझिशनचा स्टॉप नफ्यात किंवा खरेदीच्या भावावर आणून ठेवला असेल, तर तिची उरलेली जोखीम मर्यादेतून वजा करता येते. तेव्हाही अचानक मोठी घसरण आली तर तो स्टॉप खालच्या भावाला भरला जाईल, हे धरूनच चालावे.

दुसरा उपाय बिटकॉइनमध्ये शॉर्ट घेऊन सामाईक भाग काढून टाकण्याचा, म्हणजे हेज करण्याचा आहे. तो वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, म्हणून एकाच नाण्यावर करून दाखवतो. चेनलिंकची एक लाखाची लॉंग पोझिशन आहे, बीटा १.५ आहे, तर बिटकॉइनचा दीड लाखाचा शॉर्ट लागतो, एक लाखाचा नव्हे. बिटकॉइन ४ टक्के पडला तर चेनलिंक ६ टक्के पडण्याची अपेक्षा, म्हणजे तिकडे ६,००० चा तोटा आणि शॉर्टमध्ये ६,००० चा नफा. इथपर्यंत सगळे नीट आहे. गडबड होते ती जुना स्टॉप तसाच राहिल्यामुळे. चेनलिंकच्या डॉलर चार्टवरचा पाच टक्क्यांचा स्टॉप न काढता ठेवलात, तर या घसरणीत तो उडेल, लॉंग बंद होईल आणि तळाशी तुमच्याकडे दीड लाखाचा उघडा बिटकॉइन शॉर्ट उरेल; बाजार उसळला की तोही तोट्यात जाईल. अशा जोडीचा स्टॉप दोन्ही पोझिशनच्या एकत्रित नफातोट्यावर ठेवावा लागतो आणि बंद करताना दोन्ही एकदम बंद कराव्या लागतात.

या उपायाच्या मर्यादाही समजून घ्या. सहसंबंध ०.८ असताना पूर्ण हेज केले तरी नाण्याची अस्थिरता शून्य होत नाही. १ वजा सहसंबंधाचा वर्ग, त्याचे वर्गमूळ, इतका भाग उरतो. १ वजा ०.६४ म्हणजे ०.३६, त्याचे वर्गमूळ ०.६. रोज ५ टक्के हलणारे नाणे हेज केल्यावरही ३ टक्के हलतच राहते. मोबदल्यात तुम्ही दोन पोझिशनचे शुल्क भरता, लॉंग आणि शॉर्टवाल्यांत ठरावीक वेळाने होणारी देवघेव, म्हणजे फंडिंग, दोन्हीकडे कधी मिळते तर कधी द्यावे लागते, आणि बीटा सरकत असल्यामुळे शॉर्टचा आकार अधूनमधून सुधारावा लागतो. याहून गंभीर म्हणजे, ऑक्टोबर २०२५ च्या त्या पहाटे काही एक्सचेंजनी आपल्या नियमांनुसार नफ्यातील शॉर्ट पोझिशन सक्तीने बंद केल्या, कारण समोरच्या बाजूचे तोटे भरून काढायला निधी अपुरा पडत होता. ज्यांचा शॉर्ट हा हेज होता त्यांचे संरक्षण नेमक्या गरजेच्या क्षणी निघून गेले आणि लॉंग उघड्या राहिल्या. वापरत असलेल्या एक्सचेंजच्या नियमांत ऑटो-डिलिव्हरेजिंगचा, म्हणजे अशा सक्तीच्या बंदीचा, भाग वाचल्याशिवाय हेजवर विसंबून मोठी पोझिशन घेऊ नये.

बिटकॉइनचा भाग काढल्यावर उरलेली नाणी तरी एकमेकांपासून स्वतंत्र होतात का, तर पूर्णपणे नाही. १३ जुलै २०२३ रोजी अमेरिकेतील न्यायालयाने रिपलच्या खटल्यात काही अंशी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. रिपलशी जोडलेले नाणे एक्सआरपी काही तासांत पन्नास टक्क्यांहून अधिक वर गेले. बिटकॉइनमध्ये त्यामानाने फारच थोडी हालचाल होती. पण त्याच दिवशी सोलाना आणि कार्डानोही जोरात उसळले, कारण महिनाभरापूर्वी अमेरिकी नियामकाने आपल्या दाव्यांत याच नाण्यांना सिक्युरिटी म्हटले होते आणि निकालाचा फायदा त्यांनाही होईल असे बाजाराला वाटले. तुमच्या यादीत सोलाना आणि ॲव्हलांच ही एका जातीची नाणी आहेत. दोघांचे गुंतवणूकदार आणि बातम्या पुष्कळशा सामाईक आहेत. बिटकॉइनचा हेज केला तरी ही जोडी मी एकच पोझिशन म्हणून मोजेन. तपासायचे असेल तर `SOLBTC` आणि `AVAXBTC` या दोन जोड्यांच्या टक्केवारीवर वरचेच `CORREL` सूत्र लावून पाहा.

कराबद्दल थोडक्यात, कारण स्पॉटमध्ये तो याच प्रश्नाशी जोडलेला आहे. भारतात २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहे, आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एका नाण्यात २०,००० मिळाले आणि दुसऱ्यात २०,००० गेले, तर हाती काही न उरताही उपकरासह ६,२४० रुपये कर भरावा लागतो. त्यामुळे पाच ठिकाणी तुकडे करण्याची किंमत एकाच नाण्यातील तितक्याच पोझिशनपेक्षा जास्त पडते.

तुमच्या वहीत मी तीन स्तंभ वाढवायला सांगेन. प्रत्येक उघड्या पोझिशनसमोर तिचा बीटा, पोझिशनची रक्कम गुणिले बीटा, आणि स्टॉपला बीटाने भागून येणारी बिटकॉइनची पातळी लिहा. नवी पोझिशन घेण्याआधी तिची पातळी जुन्या पातळ्यांच्या अर्धा-पाऊण टक्क्याच्या आत पडत असेल, तर ती वेगळी पोझिशन धरू नका. जुन्या पोझिशनचा आकार तुम्ही वाढवत आहात असे समजून तिची रक्कम ठरवा. दर पंधरवड्याला बीटा नव्याने काढा. तुमच्या त्या रात्रीच्या पाच नोंदींवरही हाच हिशेब मागे जाऊन करून पाहा, आणि स्टॉप प्रत्यक्षात कोणत्या भावाला भरले गेले ते शेजारी लिहा. पाच टक्क्यांऐवजी सहा टक्क्यांवर भरले गेले असतील, तर तोटा २५,००० ऐवजी ३०,००० झाला असेल, आणि तसे असेल तर वर सांगितलेल्या ४०,००० च्या पोझिशनही सुमारे ३३,००० वर आणाव्या लागतील.